प्रतिक्रियेला उत्तर : सारखी दिसणारी चित्रं आणि सारखे रेणू

*"सरजी, लेख वाचला. एकेका पर्यायाचं आधी वर्णन लिहा, मग तुलना करा, हे वर्गात ठीक हाये. पण नीटमध्ये १८० प्रश्नाले १८० मिनिटं भेटतात. चित्र समोर असतानी वर्णन कायले करत बसाचं? डोळ्यानं पाह्यलं का समजते. पोरायचा टाइम खराब करू नका."*

भाऊ, तुम्ही क्लास घेता, म्हणून तुमच्यासमोर एक प्रश्नच ठेवतो. चार रेघाचित्रं आहेत, तीन एकाच संयुगाची, एक वेगळं. रेघेचं प्रत्येक टोक आणि प्रत्येक वळण म्हणजे एक बिंदू, एक कार्बन. वेगळं कोणतं?

पहिल्यात सहा बिंदूंची नागमोडी रेघ आहे आणि डावीकडून तिसऱ्या बिंदूवर एक आखूड रेघ खाली गेली आहे. दुसऱ्यात तीच सहा बिंदूंची रेघ, फक्त आखूड रेघ चौथ्या बिंदूवरून वर गेली आहे. तिसऱ्यात नागमोडी रेघ पाचच बिंदूंची आहे आणि दुसऱ्या बिंदूवर दोन रेघांची शेपटी आहे. चौथ्यातही पाच बिंदू आणि तशीच शेपटी, पण ती मधल्या म्हणजे तिसऱ्या बिंदूवर.

डोळा काय करतो? पहिली दोन जुळी ठरवतो, शेवटची दोन जुळी ठरवतो. मग तीन सारखी आणि एक वेगळं हे कसं, म्हणून पोरगं अडकतं. कार्बन मोजले तर चारही ठिकाणी सातच भरतात, चौघांचंही सूत्र C₇H₁₆. त्यानं काही सुटत नाही. मग पोरगं नाव द्यायला जातं आणि आडवी दिसते तीच मुख्य साखळी धरून तिसऱ्याला '२-इथाइलपेंटेन' म्हणतं. असं नाव निघालं की समजायचं, सर्वांत लांब साखळी वळणावर सुटली.

मी ज्याला वर्णन म्हणतो ते एवढंच असतं: जिथे तीन रेघा भेटतात तो फाटा शोधायचा आणि तिथून निघणाऱ्या तिन्ही रस्त्यांवर किती कार्बन आहेत ते लहानाकडून मोठ्याकडे लिहायचं. फाट्याचा स्वतःचा कार्बन त्यात धरायचा नाही.

पहिलं चित्र: डावीकडे दोन, उजवीकडे तीन, खाली एक. लिहा १-२-३. दुसरं: डावीकडे तीन, उजवीकडे दोन, वर एक. पुन्हा १-२-३. तिसरं: डावीकडे एक, उजवीकडे तीन, शेपटीत दोन. हेही १-२-३. चौथं: दोन, दोन, दोन. झालं. पहिली तिन्ही ३-मिथाइलहेक्सेन, चौथं ३-इथाइलपेंटेन. चित्र आडवं काढा की उलटं, फाट्यावरचे आकडे बदलत नाहीत. कच्च्या कामाच्या जागेत चार छोट्या ओळी, बस.

चूक होते ती मोजणीत. पोरं बिंदूंऐवजी रेघा मोजतात. सहा बिंदूंच्या साखळीत रेघा पाचच असतात. किंवा आखूड रेघेची दोन्ही टोकं धरून तिच्यात दोन कार्बन लिहितात, तर त्यातलं एक टोक म्हणजे फाटाच. म्हणून तिन्ही आकड्यांची बेरीज करून एक मिळवायचा, सात आले पाहिजेत. आपल्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स फिरते, तिच्यात ही आखूड रेघ पुसट होऊन सहज गायब होते. तेही या बेरजेत पकडलं जातं.

माझा आणखी एक स्वार्थ आहे. आमच्या खेड्यातून पोरं रात्री फोन करतात, नेटवर्क असं की फोटो जात नाही. "सर, एक-दोन-तीनचा फाटा आहे" एवढं सांगितलं की चित्र माझ्या वहीत उतरतं.

आता तुमची बाजू. एका पर्यायात OH आणि बाकीच्यांत Cl असेल, तर खुशाल डोळ्यानं उडवा, आकडे मांडायची गरज नाही. उलट फाटे दोन असतील तर तीन आकडे पुरत नाहीत, दोन फाट्यांच्या मध्ये किती कार्बन आहेत तेही लिहावं लागतं. २,३-डायमिथाइलपेंटेनमध्ये फाटे एकमेकांना लागून असतात, २,४ मध्ये त्यांच्या दरम्यान एक कार्बन असतो.

आणि आखूड रेघ पाचरीसारखी जाड किंवा तुटक काढली असेल, तर १-२-३ एवढ्यावर थांबू नका. ३-मिथाइलहेक्सेनच्या फाट्यावर हायड्रोजन, मिथाइल, इथाइल, प्रोपाइल असे चार वेगळे गट आहेत, म्हणजे तो कार्बन कायरल. पहिल्या चित्रात पाचर दाखवली आणि कागद टेबलावरच अर्धा फिरवला की नेमकं दुसरं चित्र मिळतं, आणि पाचर पाचरच राहते. तेव्हा दुसऱ्यातही पाचर असेल तर रेणू तोच. तिथे तुटक रेघ असेल तर तो आरशातला जोडीदार. फाट्याचे आकडे दोन्हीकडे १-२-३ च येतील, म्हणून त्यांच्या शेजारी 'पाचर' की 'तुटक' हा एक शब्द लिहायला लावा.