एक ‘a’ जास्त

परभणीच्या एका गृहस्थांना माझ्या आरोग्यविम्याचा हप्ता पैशासकट पाठ आहे. मला तो दर वेळी कपाटातून कागद काढून बघावा लागतो.

झालं ते थोडक्यात सांगतो. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर मी खातं उघडलं. ईमेल लिहिताना आडनावात एक a जास्त पडला. kshirsagar ऐवजी kshirasagar. पुढच्या रकान्यात ‘ईमेल पुन्हा लिहा’ असं होतं. कशाला पुन्हा लिहायचं, म्हणून मी वरचाच कॉपी करून खाली पेस्ट केला. दोन्ही तंतोतंत जुळले. यंत्र खूश, मीही खूश. मोबाइलवर ओटीपी आला, तो टाकला, पैसे कापले गेले, आणि पॉलिसी मेलवर पाठवल्याचा संदेश आला.

मेल काही आली नाही. स्पॅम उपसला, जाहिरातींचा कप्पा उपसला. आठ दिवसांनी पासवर्डही विसरलो. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं, मेल नाही. परत दाबलं, नाही. पाच वेळा दाबलं. दर नव्या लिंकने आधीची रद्द होते हे मला नंतर कळलं, म्हणजे परभणीकरांच्या डब्यात तोवर चार मेलेल्या आणि एक जिवंत लिंक पडलेली होती.

माझा संशय पहिल्यांदा टिंबावर होता. नावानंतर टिंब द्यायचं राहिलं असणार! दोन दिवस मी त्या टिंबाच्या मागे होतो. मग भाच्याने सांगितलं, “मामा, जीमेल टिंब मोजतच नाही. कुठेही द्या, नाहीतर देऊच नका, मेल त्याच डब्यात जाते.” ही गोष्ट दोन दिवस आधी सांगायला काय झालं होतं, हे मी त्याला विचारलं नाही. बहिणीचा मुलगा आहे.

शोध लागला तो पडद्यावरच्या चांदण्यांमुळे. लिंक कुठे पाठवली हे कंपनी अर्धवट झाकून दाखवते:

`k*************5@gmail.com`

सुरुवातीला k, शेवटी 5, म्हणजे आपलाच पत्ता, असं मी पाचही वेळा समजलो. सहाव्या वेळी चांदण्या मोजल्या. माझ्या पत्त्याला बारा हव्या होत्या, तेरा निघाल्या. दिवसा चांदण्या दिसणं म्हणजे काय, ते साठाव्या वर्षी दुपारी सव्वातीनला कळलं.

पत्ता अस्तित्वातच नसता तर मेल उलटी फिरली असती आणि कंपनीला निदान काहीतरी कळलं असतं. पण त्या जास्तीच्या a सकट खरोखरच एक माणूस जगात होता. त्याचीही आद्याक्षरं तीच, जन्मसालही तेच. मेल बिनबोभाट पोचत होती. यात मी एकटा नाही, एवढंच समाधान. अमेरिकी सैन्याच्या पत्त्यांच्या शेवटी .mil असतं, त्यातला i गळला की .ml होतं, आणि ते माली या आफ्रिकी देशाचं. अशा लाखावर मेल भलतीकडे गेल्याचं 2023 साली जाहीर झालं. पण त्या मेल सांभाळणारा डच गृहस्थ निदान अमेरिकेला सावध करत होता. आमच्या गृहस्थांनी तसं काही केलं नव्हतं.

भाच्याच्या सल्ल्याने मी त्या चुकलेल्या पत्त्यावर मेल टाकली. तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात फक्त मोबाइल नंबर आणि ‘दुपारी 4 नंतर’.

“बोला क्षीरसागर,” पलीकडून आवाज आला. “तुमचीच वाट बघत होतो. एक्केचाळीस हजार तीनशे सहा रुपये? इतका हप्ता? साखर आहे का तुम्हाला?”

मी म्हटलं, साखर नाही, फक्त बीपी.

“फॉर्मात लिहिलंय ना? नाहीतर दावा नाकारतात. मी बघितलं असतं, पण ती पीडीएफ उघडेना. जन्मतारीख मागते. साल पासष्ट हे पत्त्यावरून कळलंच, तारीख आणि महिना तेवढा सांगा.”

आणि मी सांगणार होतो! ‘चौदा’ असं तोंडातून निघालंसुद्धा.

सावरून विचारलं, “साहेब, ती पहिली मेल आली, खात्याची, तिचं काय केलंत?”

“त्यात लिहिलं होतं, आपला ईमेल पडताळा. ईमेल माझाच होता. पडताळला.”

यावर काय बोलणार? त्यांच्या त्या एका क्लिकने कंपनीच्या लेखी माझं खातं पक्कं झालं, आणि ते त्यांच्या नावचं झालं. ‘हे खातं माझं नाही’ असं सांगायला त्या मेलमध्ये जागाच नव्हती, हे मात्र त्यांचं म्हणणं खरं. मी म्हटलं, “आता एक करा. मी पासवर्डची लिंक मागवतो, तुम्ही ती मला पुढे पाठवा. पंधरा मिनिटांत वापरावी लागते.”

फोनवर शांतता.

“क्षीरसागर, मी छत्तीस वर्षं बँकेत कॅशला होतो. त्या मेलमध्ये ठळक अक्षरांत आहे, ही लिंक कुणालाही देऊ नका. आणि एक अनोळखी माणूस फोन करून म्हणतो, लिंक द्या, पंधरा मिनिटांत द्या. तुम्ही माझ्या जागी असता तर दिली असती?”

“अहो, पण खातं माझं आहे!”

“असेल. पण मेल मला आलीय. मी मनात आणलं असतं तर पासवर्ड बदलून तुमचा नॉमिनी बदलला असता. आणला का? नाही. मग तुम्हीही नियमाने चला.” मग थोडं मऊ होत, “आणि खरं सांगू का, चूक मूळ स्पेलिंगची आहे. क्षीरमधला र पूर्ण आहे. मध्ये a हवाच. तुमच्या स्पेलिंगने ‘क्षीर्सागर’ होतं. तुमचा हात बरोबर पडला होता, पत्ता चुकीचा घेतलाय तुम्ही.”

राग कशाचा आला सांगू? माणूस बरोबर होता.

कंपनीच्या बाईंना फोन केला. त्यांनी माझं नाव, जन्मतारीख, पॉलिसी क्रमांक, सगळं तपासलं आणि गोड आवाजात सांगितलं, “सर, ईमेल बदलण्यासाठी रजिस्टर्ड ईमेलवर कन्फर्मेशन पाठवलंय, तेवढं ओके करा.” मी तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी ते परभणीला पाठवलं. मोबाइल माझ्या हातात, त्याच्यावर ओटीपी येतो, पैसे माझ्या खात्यातून जातात, पण मी कोण हे ठरवायचा अधिकार एका a ला. पैसे घेताना कुणी विचारलं नव्हतं हो, ईमेल ओके करा म्हणून.

शेवटी शाखेत गेलो. हाताने लिहिलेला अर्ज, पॅन आणि आधारच्या सही केलेल्या झेरॉक्स, रद्द केलेला चेक. काउंटरवरच्या मुलाने अर्ज वाचून विचारलं, “काका, हे सगळं तुम्ही ऑनलाइन का नाही केलं?”

सात कामाचे दिवस सांगितले होते. नवव्या दिवशी फोन वाजला, चारच्या ठोक्याला. ईमेल बदलल्याची सूचना जुन्या पत्त्यावरही पाठवतात, सुरक्षेसाठी.

“अभिनंदन क्षीरसागर, झालं तुमचं काम,” परभणीहून आवाज आला. “नवा पत्ताही दाखवलाय, झाकून. मोजल्या मी. बाराच आहेत. एक a अजून कमी आहे.”