सीट सोडली, डिपॉझिट अडकलं

लेकीला सरकारी कॉलेज मिळालं, म्हणून इंजिनिअरिंगची आधीची सीट सोडली. वर्ग सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. तरी दापोलीहून भर पावसात एसटीने ही तिसरी खेप! आधी मूळ पावती, मग रद्द केलेला चेक, आज 'साहेब रजेवर'. अहो, एकदाच सांगा ना!

एआयसीटीईचा नियम सरळ आहे: वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर फार तर १००० रुपये कापायचे, बाकी परत. यांचं आपलं, "सीट भरली की बघू."

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मागितला, तर क्लार्कभाऊंना शिक्काच सापडेना. सापडेल कसा? सगळा खेळ त्या तारखेवरच तर आहे! बसलोय बाकड्यावर, छत्री निथळत ठेवून. शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही.