कानांनी बघायची मालिका

बायकोची लोकल ठाण्याला येईपर्यंत आठ वाजून जातात, म्हणून संध्याकाळच्या बारा पोळ्या माझ्याकडे. शिवाय पावसाळ्यात घरभर दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांच्या घड्याही. या कामाला सोबत म्हणून मानपाड्याच्या आमच्या चिमुकल्या ओट्यावर मी फोन मिक्सरला टेकवून ठेवतो आणि एखादी मालिका लावतो. अडचण अशी, की मालिका लागते आणि मी भलतीकडेच असतो.

एकदा हिशेब मांडला. लाटताना नजर पोळपाटावर, भाजताना तव्यावर. मधे मान वर करायला मिळतात दोन-तीन सेकंद, कारण तिसऱ्याच्या पुढे पोळीवर काळे डाग पडतात. बारा पोळ्यांत मिळून पडद्याचं दर्शन जेमतेम अर्धा मिनिट. एवढ्यात बसेल अशी गोष्ट शोधायची होती.

ऑफिसातल्या एका मित्राने मोठ्या प्रेमाने ‘डार्क’ सुचवली. जर्मन मालिका, 2017 ची. माझं जर्मन शून्य, म्हणजे सगळी मदार खालच्या पाटीवर. पहिल्या पोळीला पिवळा रेनकोट घातलेला मुलगा दिसला. दुसरीला 2019 होतं. चौथीला 1986. मधल्या 33 वर्षांत काय घडलं ते तिसरी पोळी फुगत असताना घडून गेलं होतं. पुढे कळलं, की तिथे एकच माणूस वेगवेगळ्या वयांत हिंडत असतो. मला तर आमच्या बिल्डिंगमधली जुळी अजून ओळखू येत नाहीत. मागे जावं म्हटलं तर बोटांना कणीक, आणि फोनला कणकेचं बोट कळत नाही. नाकाने दाबलं. मागे जायच्या ऐवजी पुढचा भाग सुरू झाला.

मग दुसऱ्याने ‘कोलंबो’ सांगितली. 1971 पासूनची अमेरिकन गुप्तहेरी, पण उलटी: खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात. उरतो फक्त प्रश्न, तो पकडला कसा जातो. युक्ती फार सुरेख आहे. ‘कोण’ डोक्यातून काढलं की निम्मा भार हलका होतो, आणि मधे कोथिंबीर निवडायला गेलं तरी खुनी पळून जात नाही. पण तिथेही माशी शिंकली. चिमणी तीनवर टाकली की इंग्रजी संवाद थेट डक्टमधून बाहेर जातात. एकवर ठेवली की फोडणीचा ठसका आईच्या खोलीपर्यंत. त्यातून भाग सव्वा-दीड तासाचा. कोलंबो दारापर्यंत जाऊन, काहीतरी आठवल्यासारखा परत वळतो, तेच खरं बघायचं. आणि नेमकी तेव्हाच कुकरची तिसरी शिट्टी होते. आमची जेवणं उरकली तरी खुनी मोकळाच.

म्हणजे डोळ्यांवर भिस्त नको, ऐकूनच कळायला हवं, आणि लक्ष चार मिनिटं सोसायटीच्या टँकरच्या बिलाकडे गेलं तरी परत येऊन बसायला जागा हवी. हे सगळं जमवणारी मालिका निघाली ती आमच्या आईच्या ओळखीची, 1998 ची ‘सीआयडी’.

हिच्यात टप्पे आवाजावरून कळतात. किंकाळी म्हणजे प्रेत सापडलं. साळुंखे वैतागला म्हणजे आपण प्रयोगशाळेत आलो. संशयितांची नावं एसीपी स्वतःच पुन्हा म्हणून दाखवतात, जणू त्यांनाही माझ्यासारखंच मधे उठून गॅस बारीक करावा लागतो. आणि दयाने दार फोडलं की शेवट जवळ आला, तवा उतरवायला हरकत नाही. दार फुटण्यासारखी दुसरी खूण नाही. चिमणी तीनवर असली तरी ऐकू येतं.

परवा पोळ्या उरकून मी हॉलमध्ये टीव्हीवर हीच लावली आणि घड्या घालायला बसलो. उशांचे अभ्रे सात होते. जोडीने घेतलेली वस्तू सात कशी होते याचा विचार करताना माझं लक्ष आठव्या अभ्र्याच्या मागे गेलं. तो वॉशिंग मशीनच्या रबरात अडकला असेल, की वाऱ्याने खाली पहिल्या मजल्याच्या छज्जावर? एवढ्यात बायको आली. पर्स ठेवत म्हणाली, “हा कोण मेला?”

मी पडद्याकडे पाहिलं. “तो… टोपीवाला.”

आई टीव्हीकडे पाठ करून डाळिंब्या सोलत होती, चष्मा कपाळावर. “टोपीवाला कुठे मेला? त्याचा धाकटा भाऊ मेला. टोपीवाल्याने सरबतातून दिलं. कामवाली सगळं सांगायला निघाली, तर तिला कोंडून ठेवलीय. आता फोडतील बघ.”

दार फुटलं.

आईने साल ताटलीत टाकलं आणि मान वर न करता विचारलं, “पोळ्या झाकल्यास का रे?”

मी स्वयंपाकघरात गेलो. बाराही पोळ्या उघड्यावर कडक होऊन पडल्या होत्या. आठवा अभ्रा मात्र सापडला, पोळ्यांच्या डब्यात खाली अंथरलेला.