रपदज बाू लोपग

रात्री बारा वाजून सतरा मिनिटांनी मित्राचा मेसेज आला: ‘रपदज बाू लोपग’.

हा माणूस व्हॉट्सॲपवरही पूर्णविराम देतो. त्याच्याकडून ‘लोपग’ म्हणजे गंभीर प्रकरण.

उत्तर काय द्यावं? ‘काय रे हे?’ खोडलं, फार उर्मट. ‘शुद्धीत आहेस ना?’ हेही खोडलं. नसेल तर उपयोग नाही आणि असेल तर अपमान. शेवटी जीव एकवटून लिहिलं, ‘अरे, मेसेज नीट कळला नाही. सगळं ठीक आहे ना?’

‘टायपिंग’ दिसलं. गेलं. परत दिसलं. मग उत्तर आलं: ‘पद’.

कसलं पद? मिळालं की गेलं?

आता मात्र घाम फुटला. अचानक असंबद्ध लिहिणं हे पक्षाघाताचं लक्षण असू शकतं, आणि गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून मेसेजची वेळ कागदावर लिहिली आणि थेट व्हिडिओ कॉल लावला. बिघाड मेंदूत आहे की कीबोर्डात, हे लिहिलेल्या उत्तरावरून कसं कळणार? आवाज ऐकायलाच हवा.

त्यानं उचलला. ‘आधी हस,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘हसून दाखव!’ तो हसला, घाबरत का होईना. तोंड वाकडं नव्हतं. ‘दोन्ही हात वर कर.’ केले. एकही खाली घसरला नाही, लॅपटॉप मात्र मांडीवरून घसरला. ‘आता एक सरळ वाक्य बोल.’

‘तू प्यायला आहेस का?’

वाक्य स्वच्छ होतं. अगदी पूर्णविरामासकट.

मग उलगडा झाला. लॅपटॉपवर कीबोर्ड चुकून इनस्क्रिप्टवर गेला होता, आणि हा पठ्ठ्या पडद्याकडे न बघता इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहीत होता. इनस्क्रिप्टमध्ये j दाबला की र येतो, h चा प, o चा द आणि p चा ज. म्हणजे ‘jhop’ चं झालं ‘रपदज’. ‘yet’ चं ‘बाू’, ‘nahi’ चं ‘लोपग’. झोप येत नाही! आणि सगळं ठीक आहे ना, याला बिचाऱ्यानं दिलेलं उत्तर होतं ‘ho’. तेच ते पद.

‘विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाब, कीबोर्ड बदलेल,’ मी सांगितलं.

‘दाबतो. पण तुझं सगळं ठीक आहे ना?’ त्यानं इतक्या हळुवारपणे विचारलं की मला माझाच संशय आला.

फोन ठेवला. अर्ध्या तासानं, आता मलाच झोप येईना म्हणून, त्याला विचारलं, ‘लागली का झोप?’

लगेच उत्तर आलं: ‘लोपग’.