लॅक्टिक आम्ल आणि आमची ही

बी.पी.एड.च्या शेवटच्या वर्षाला मी व्यायाम शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. शनिवारी मैदानावर पोरांना 'बैठका अशा मारायच्या' हे दाखवायला गेलो. पोरं मोजायला लागली आणि इज्जतीपायी शंभर मारल्या. सोमवारी पूर्वपरीक्षेचा साठ गुणांचा पेपर काढायचा होता. म्हणजे तो काढायला आधी खुर्चीत बसायचं होतं, आणि तिथूनच पेपर अवघड निघाला.

पेपर काढण्याआधी संविधान तक्ता करावा लागतो. कुठल्या घटकाला किती गुण, त्यात ज्ञान किती, आकलन किती, उपयोजन किती, असे चौकोन भरायचे. मी मात्र दरवर्षी आधी पेपर काढतो आणि मग तो बसेल असा तक्ता करतो. बरेच जण असंच करतात, फक्त बोलत नाहीत.

वस्तुनिष्ठ दहा प्रश्न तासाभरात झाले. शुद्धलेखन तपासायला कागद हिच्याकडे दिला. ही बँकेत आहे. शरीरक्रियाशास्त्राशी तिचा संबंध माझी ढेरी दिसते तेवढाच. दहा मिनिटांत पेन्सिलीने खुणा करून कागद परत आला. दहापैकी आठ बरोबर!

"तुला कसं आलं हे?"

"अहो, लांब उत्तर बरोबर असतं. आणि सात वेळा तुम्ही 'क'लाच ठेवलंय."

बघितलं, तर खरंच. प्रश्न होता : नियमित धावणाऱ्या खेळाडूचे विश्रांतीच्या वेळचे ठोके कमी का असतात? माझे पर्याय होते 'थकव्यामुळे', 'वयामुळे', 'अशक्तपणामुळे', आणि 'क'मध्ये दीड ओळीचं प्रवचन. विज्ञान न शिकलेल्यालाही प्रवचनच बरोबर वाटणार. मग चुकीचे पर्याय पोरांच्या उत्तरपत्रिकांतून उचलले. 'व्यायामाने शरीराला विश्रांतीत रक्त कमी लागू लागते' असं दरवर्षी दहाएक जण लिहितातच. रक्त तेवढंच लागतं हो, मिनिटाला साधारण पाच लिटर. सत्तर ठोक्यांत सत्तर-सत्तर मिली टाका, नाहीतर पन्नास ठोक्यांत शंभर-शंभर. आता चारही पर्याय सारख्याच लांबीचे झाले, आणि बरोबर उत्तर कुठे ठेवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

खरी परीक्षा आदर्श उत्तर लिहिताना झाली. पाच गुणांचं उदाहरण होतं : वीस वर्षांचा कबड्डीपटू, विश्रांतीचे ठोके साठ, कार्व्होनेन पद्धतीने सत्तर टक्के तीव्रतेला ठोके किती? मी लिहिलं '158' आणि पुढे '5 गुण'. हिने विचारलं, "वजाबाकी चुकली तर सगळे पाच कापणार?"

बँकवाल्यांना हे बरोबर सुचतं. मग एकेक पायरी सोडवली. 220 वजा 20, कमाल ठोके 200, एक गुण. त्यातून विश्रांतीचे 60 वजा, राखीव 140, एक गुण. त्याचे सत्तर टक्के 98, एक गुण. साठ परत मिळवले की 158, एक गुण. शेवटचा गुण 'मिनिटाला ठोके' हे एकक लिहिल्याबद्दल. आता कुणी पहिल्याच पायरीला 190 लिहिलं, पण पुढची रीत धरून 151 ला पोहोचला, तर त्याचा एकच गुण जातो. पण जो थेट 200 चे सत्तर टक्के काढून 140 लिहील त्याला ही पद्धतच आलेली नाही. त्याला कमाल ठोक्यांचा आणि एककाचा, असे दोनच.

एवढ्यात आठवलं, वर्गात एक हुशार कार्टं आहे. ते 220 ऐवजी 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सूत्र वापरून 194 काढेल आणि भांडायला येईल. त्याचं चूक नाही, दोन्ही अंदाजच आहेत आणि प्रत्यक्षात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. म्हणून प्रश्नातच '220 वजा वय हे सूत्र वापरून' असं घातलं.

रात्री अकराला बेरीज केली. त्रेसष्ट. कॅल्क्युलेटरवरही त्रेसष्टच. दीर्घोत्तरी प्रश्नाला तीन गुण जास्त पडले होते. ते कापल्यावर उपयोजनाचे गुण कमी झाले, आणि संविधान तक्ता (जो मी पेपरानंतर केला होता) परत खोडावा लागला.

हिचे चुकलेले दोन प्रश्न मात्र मी जसेच्या तसे ठेवले. एक होता : नवीन व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी स्नायू का दुखतात? हिने ठोकलं होतं, 'अ) लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे'. जुन्या नोट्सही तेच सांगतात.

"अगं, ते तासा-दीड तासात रक्तातून निघून जातं. दोन दिवसांनी दुखायला ते असतं कुठे? सवय नसलेल्या ताणाने स्नायूतंतूंना बारीक इजा होतात, तिथे दाह होतो, म्हणून दुखतं. विशेषतः खाली बसताना, स्नायू ताणला जात असताना भार पेलला की. 'ब'."

एवढं समजावून, कागद पाकिटात घालून मी रुबाबात उठायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. दोन्ही मांड्यांनी असहकार पुकारला. टेबल धरलं, तोंडातून "आई गं" निघालं.

ही भांडी आवरत होती. मागे न बघताच म्हणाली, "अ की ब?"

"ब," मी म्हटलं. "आता जरा हात दे."