प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख... पण कशावरून?

घरच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला की सकाळपासून मेसेजची रांग लागते. प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख, सर्वगुणसंपन्न, लाखात एक, स्पेशल. लिहिणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल मला जराही शंका नाही. वाईट वाटतं ते यासाठीच, की ती माया मजकुरात उतरत नाही. दुपारी वाढदिवसवाली व्यक्ती 'सर्वांचे मनापासून आभार' असा एकच मेसेज टाकते. तिचं काही चुकत नाही, कारण वेगळं उत्तर द्यावं असं कुणी काही लिहिलेलंच नसतं.

एक नेहमीचा नमुना घेऊ:

"माझ्या अतिशय प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख आणि सर्वगुणसंपन्न वहिनीला वाढदिवसाच्या खूप खूप हार्दिक शुभेच्छा! तू खूप स्पेशल आहेस. तुझी सगळी स्वप्नं पूर्ण होवोत."

यात 'वहिनी'च्या जागी 'मावशी' घाला, 'ताई' घाला, 'शेजारच्या काकू' घाला. एकही शब्द हलवावा लागत नाही. मजकूर जर कुणालाही चालत असेल, तर तो वाचताना तिला 'हे माझ्याबद्दल आहे' असं वाटणार कसं?

आपल्याला वाटतं, एक विशेषण कमी पडलं तर पाच घालू, म्हणजे पाचपट पोचेल. तसं होत नाही. नॉर्मन अँडरसन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1965 साली याच्या अगदी जवळचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना काल्पनिक माणसांची वर्णनं दिली, नुसत्या विशेषणांची, आणि तो माणूस किती आवडला ते विचारलं. दोन जबरदस्त चांगली विशेषणं असलेला माणूस लोकांना जास्त आवडला. त्याच दोन विशेषणांना आणखी दोन बऱ्यापैकी चांगली जोडली, तर पसंती वाढायच्या ऐवजी खाली आली. म्हणजे वाचणाऱ्याचं मन विशेषणांची बेरीज करत नाही, सरासरी काढतं. चारही विशेषणं तितकीच जबरदस्त असतील तर थोडी भर पडते, हेही त्यात दिसलं. पण आपल्या यादीत तसं कधी असतं? 'प्रेमळ'च्या मागून 'मनमिळाऊ' येतं, त्याच्या मागून 'हसतमुख'. तिन्ही एकाच घरातली, आणि प्रत्येक येणारं आधीच्याला थोडं फिकं करून जातं.

मुळात विशेषण म्हणजे निकाल. 'वहिनी प्रेमळ आहे' हा लिहिणाऱ्याने दिलेला निकाल, आणि पुरावा त्याच्या डोक्यातच राहून गेला. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक विशेषणापुढे 'कशावरून?' असं विचारा, उत्तर लिहा आणि विशेषण खोडून टाका.

करून बघू. वहिनी प्रेमळ. कशावरून? 'सगळ्यांचं करते.' हे अजून उत्तर नाही, कारण यात दिसण्यासारखं काही नाही. पुन्हा विचारायचं: कुणाचं, कधी, काय केलं? समजा उत्तर असं आलं: मार्चमध्ये आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा वहिनीने सगळं बघितलं. आता महिना मिळाला, माणूस मिळाला, पण 'सगळं बघितलं' अजून धूसरच आहे. तिसऱ्यांदा विचारायचं: 'सगळं' म्हणजे काय? आणि इथे खरा ऐवज हाती लागतो. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या, दिसायला जवळजवळ सारख्या. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची होती. रोज गोंधळ होत होता. वहिनीने एका बाटलीला लाल रबरबँड लावला, दुसरीला हिरवा, आणि वेळांचा कागद फ्रिजवर चिकटवला.

बहुतेक वेळा तिसऱ्या 'कशावरून'पर्यंत जावंच लागतं. पहिल्या उत्तरात दुसरं विशेषणच बाहेर येतं, दुसऱ्यात प्रसंगाचं नुसतं नाव येतं आणि तिसऱ्यात वस्तू दिसायला लागतात. आठवतच नसेल तर फोन मदतीला आहे. त्या व्यक्तीबरोबरच्या चॅटमध्ये वर्षभर मागे जा, किंवा गॅलरीत महिन्यांप्रमाणे फोटो बघा. पाचेक मिनिटांत काहीतरी सापडतं. मोठा प्रसंग शोधू नका. लग्न, नवं घर, बढती हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि त्याबद्दल सगळे लिहितातच. जे फक्त तुम्ही बघितलं, ते तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

आता मजकूर:

"वहिनी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! मार्चमध्ये ऑपरेशननंतर आईचा त्या दोन बाटल्यांमध्ये रोज गोंधळ व्हायचा. तू एकीला लाल रबरबँड लावलास, दुसरीला हिरवा, फ्रिजवर वेळांचा कागद चिकटवलास, आणि तिसऱ्या दिवसापासून आई कुणाला न विचारता आपले आपण थेंब घालायला लागली. आम्ही सगळे तिला आठवण करून देत बसलो होतो. आठवण करून द्यावीच लागू नये, हे तुला सुचलं. या वर्षी तुझा रविवारचा गाण्याचा क्लास एकदाही बुडू नये."

साठेक शब्द झाले, एकही विशेषण कौतुकाचं नाही, आणि हा मजकूर दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. 'लावलास', 'चिकटवलास' या क्रियापदांकडेही बघा. मराठीत भूतकाळातल्या क्रियापदाच्या शेवटी 'तू' आपोआप येऊन बसतो, आदरार्थी असेल तर 'लावलात', 'चिकटवलात'. वाक्य थेट तिच्याशी बोलतं. विशेषणांची यादी तिच्याबद्दल बोलते, जणू ती समोर नाहीच.

आता इथे घोटाळे कुठे होतात ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळा होणारा म्हणजे, इतकं छान लिहून झाल्यावर हात शिवशिवतो आणि आपण शेवटी लिहितो, 'यावरून तू किती प्रेमळ आणि हुशार आहेस हे कळतं.' हे वाक्य काढाच. रबरबँड वाचून जे वाचणाऱ्याच्या मनात आपसूक आलं असतं, ते आपण आधीच बोलून टाकतो.

दुसरा घोटाळा मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो बायकांच्या वाढदिवसाला हटकून होतो. 'कशावरून?' विचारलं की उत्तरात पुरणपोळ्या येतात, डबे येतात, 'सासूची सेवा केलीस' येतं. तपशील आहे, खरा आहे, तरी वाचणारीला वर्षभराच्या कामाची पावती मिळाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वर्षीही हेच अपेक्षित आहे असंही त्यात ऐकू येतं. वरच्या मजकुरात सेवेचा उल्लेख मुद्दाम नाही. तिने काय सोसलं यापेक्षा तिला काय सुचलं, हे तिथे लिहिलंय. तिचा निर्णय, तिची युक्ती, तिने एखाद्याला दिलेलं खणखणीत उत्तर, तिची एखाद्या विषयातली जाण असं काही सापडतंय का ते आधी बघा. स्वयंपाकाबद्दलच लिहायचं असेल, तर तिच्या हातचं खाऊन आपण किती तृप्त झालो हे सांगण्यापेक्षा तिने त्यात काय वेगळं केलं ते लिहा.

तिसरा म्हणजे मजकूर हळूच स्वतःकडे वळतो. 'तू नसतीस तर माझं काय झालं असतं, मला तुझा किती आधार' अशी वाक्यं भराभर सुचतात. लिहून झाल्यावर 'मी, मला, माझं' किती वेळा आलंय ते मोजा. दोनांपेक्षा जास्त असेल तर वाढदिवस कुणाचा आहे ते पुन्हा बघा.

आणि आजारपण. मोतीबिंदूचा उल्लेख घरच्या ग्रुपवर कुणाला खटकणार नाही. पण गर्भपात, कर्ज, नोकरी जाणं, नैराश्य यातलं काहीही, कितीही मायेने लिहिलं तरी, ग्रुपवर किंवा फेसबुकच्या भिंतीवर टाकू नका. तो मजकूर फक्त त्या व्यक्तीला पाठवा, आणि ग्रुपवर साध्या शुभेच्छा द्या.

राहिलं शेवटचं वाक्य. 'सगळी स्वप्नं पूर्ण होवोत' यात विशेषणांचाच रोग आहे, फक्त वेश क्रियापदाचा. कुठली स्वप्नं, हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, असंच त्यातून कळतं. त्याऐवजी पुढच्या वर्षभरात तिच्या आयुष्यात खरोखर येणारी एक गोष्ट घ्या आणि तिच्यापुरतीच इच्छा व्यक्त करा. फक्त लग्न, मूल, वजन आणि मार्क या चार गोष्टींना हात लावू नका. त्या शुभेच्छा राहत नाहीत, तगादा होतात.

मोठ्यांच्या तोंडचं 'औक्षवंत हो', 'शतायुषी हो' मात्र या सगळ्यात धरू नये. तोही ठरलेला मजकूर आहे, पण तो वर्णन करत नाही, आशीर्वाद देतो, आणि त्याचं वजन देणाऱ्याच्या वयात आणि ओवाळणाऱ्या हातात असतं. आजीने 'कशावरून?'च्या पायऱ्या चढायची काही गरज नाही.

विशेषण अजिबातच नको, असंही माझं म्हणणं नाही. एक चालतं, जर ते त्याच माणसाला शोभणारं असेल. वहिनीला 'काटेकोर' म्हणा, आजोबांना 'हट्टी' म्हणा, आणि लगेच त्याचा पुरावा द्या. मात्र असा शब्द आधी त्या व्यक्तीने स्वतःबद्दल हसत वापरलेला असावा, नाहीतर वाढदिवसाच्या दिवशी टोमणा होतो.

ज्यांना फारसं ओळखत नाही त्यांचं काय? सोसायटीतले काका, दुसऱ्या विभागातल्या बाई, आतेभावाचे सासरे. तिथे 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, काका' इतकंच लिहा. ते खरं असतं. ओळख नसताना 'दिलदार व्यक्तिमत्त्व' लिहिलं की चौकातल्या फ्लेक्सची भाषा होते. कामापुरती ओळख असेल तर कामाचीच एक गोष्ट पुरते: "सर, शुभेच्छा. ऑडिटच्या आठवड्यात प्रत्येक फाइलवर तुम्ही रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्यात, त्यामुळे आमचे दोन दिवस वाचले." बाकी काही जोडू नका.

लहान मुलांना हे सगळ्यात लवकर कळतं. सात वर्षांच्या मुलाला 'तू खूप हुशार आणि गोड आहेस' लिहिलं तर ते आईने वाचून दाखवायचं आणि त्याने खेळायला पळायचं. 'या वर्षी तू पोहायला शिकलास आणि पहिल्यांदा खोल पाण्यात उडी मारलीस' असं लिहिलं तर तो आईला थांबवून सांगतो, की पहिली नाही, ती दुसरी उडी होती.