वहीतल्या 1200 कॅलरी: सादरीकरणात विचारायचे प्रश्न

"आम्ही तीन दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. हिशोब आला दिवसाला 1200 कॅलरी. एकीचा नाही, गटातल्या सगळ्यांचा साधारण तेवढाच. तरी वजन उतरत नाही. खोटं लिहायचं आम्हाला काय कारण? म्हणजे कॅलरीचं गणितच खोटं."

नाशिकच्या बऱ्याच महिला गटांत हा मजकूर फिरतो आहे. अशाच वह्यांवरचं सादरीकरण ऐकायला जाणार असाल, तर पुढचे प्रश्न सोबत न्या.

पहिला प्रश्न वजनाचाच. तीन-चार महिने वजनकाटा एकाच आकड्यावर असेल, तर त्या काळात शरीर जेवढं खर्च करतं तेवढंच पोटात गेलेलं असतं. काटा इथे साक्षीदार आहे आणि त्याची साक्ष वहीशी ताडून बघता येते. इंदिरानगरमधली पासष्ट किलो वजनाची, चाळिशीची बाई धरू. नुसतं पडून राहिलं तरी श्वास, रक्ताभिसरण, अवयवांचं काम यांसाठी तिला किती लागतं, याचं सर्रास वापरलं जाणारं स्कोफिल्डचं सूत्र आहे: वजनाला 8.126 ने गुणायचं आणि 845.6 मिळवायचे. उत्तर येतं सुमारे 1374. भारतीयांसाठी हे सूत्र थोडं जास्त दाखवतं, म्हणून दहा टक्के कापले तरी 1237 उरतात. म्हणजे वहीतल्या 1200 कॅलरींत तिचा अंथरुणात पडून राहण्याचा खर्चसुद्धा भागत नाही. ती तर स्वयंपाक करते, जिने चढते, बाजारात जाते. अगदी बैठं आयुष्य धरलं तरी त्या आकड्याला 1.4 ने गुणावं लागतं, म्हणजे 1730 च्या आसपास.

गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हीच तपासणी पद्धतशीर मांडली: लिहिलेल्या कॅलरी भागिले विश्रांतीचा खर्च. वजन स्थिर असलेल्या गटाची सरासरी एकच्याही खाली आली, तर तो त्यांचा रोजचा आहार असू शकत नाही. म्हणून सादरकर्त्यांना विचारा: हा भागाकार केला होता का, आणि किती वह्या त्यात बसल्या नाहीत?

आता खोटेपणाचा मुद्दा. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्याला मी थांबवेन. तूट येते ती स्वयंपाकघरातून. वहीत लिहिलं "पोळ्या 6". गणित करणाऱ्याने एका पोळीला 25 ग्रॅम कणीक धरली. पण या घरातला उंडा मोठा, 40 ग्रॅम पिठाचा. सहा पोळ्यांमागे 90 ग्रॅम पीठ हिशोबाबाहेर राहिलं, म्हणजे जवळजवळ 300 कॅलरी. पोळ्या सहाच होत्या, तिने लिहिलं ते अक्षरशः खरं होतं.

तेलाचंही तसंच. "भाजी 1 वाटी" या नोंदीत तेल दिसत नाही, ते मोजणाऱ्याच्या ठरलेल्या पाककृतीतून येतं. समजा त्यात दिवसाला माणशी 10 ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या या घरात महिन्याला चार लिटर तेल संपतं. लिटरचं वजन साधारण 920 ग्रॅम, म्हणजे माणशी दिवसाला तीस ग्रॅमच्या वर. फरक वीस ग्रॅमचा, प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे 180. यातलं थोडं तळणीनंतर टाकून दिलं जातं, थोडं पाहुण्यांच्या ताटात जातं, आणि चौघेही सारखं खात नाहीत. तेव्हा हा आकडा वरची मर्यादा समजा. तरीही तेलाचा डबा किती दिवस पुरला हे विचारणं फुकट आहे, आणि वहीवर त्याच्याइतका चांगला पहारा दुसरा नाही.

मग दोन चहा. शेजारणीकडे घेतलेला आणि चार वाजता भांड्यात उरलेला. दूध आणि दोन चमचे साखर धरून कपामागे सुमारे 80, दोन्ही मिळून 160. तिन्हींची बेरीज 640. वहीतल्या 1200 मध्ये मिळवा: 1840. काट्याच्या साक्षीशी हे जुळतं, आणि कुणाच्या चयापचयाला नावं ठेवावी लागली नाहीत.

"गटातल्या सगळ्यांचा साधारण तेवढाच" हे ऐकायला भक्कम वाटतं, पण पुरावा म्हणून सगळ्यांत कच्चं तेच आहे. एक बाई जास्त लिहिते, दुसरी कमी, अशी चूक असती तर माणसं वाढवल्यावर ती एकमेकींत जिरली असती. इथे मात्र वाटी, उंडा, तेल आणि विसरलेले घोट सगळ्यांचेच एकाच बाजूला चुकतात. हजार वह्या जमवल्या तरी सरासरी खालीच राहणार, फक्त ती खालची सरासरी जास्त ठाम दिसणार. शिवाय ज्यांचं वजन जास्त, त्यांच्या नोंदीत तूट जास्त, असं अनेक अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. त्यामुळे "जाड बायका कमी खातात" असा उलटा निष्कर्षही वह्यांतून सहज निघू शकतो.

याची खरी परीक्षा वहीबाहेरच्या मापाने होते. दोन जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात: एक हायड्रोजनचा, दुसरा ऑक्सिजनचा. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोघांच्या वेगातला फरक काढला की कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं, आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च. 1992 मध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा दहा जणांना तपासलं, ज्यांचं म्हणणं अगदी वरच्या मजकुरासारखंच होतं. त्यांनी लिहिलं होतं सरासरी 1028, प्रत्यक्षात खाणं निघालं 2081. त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हललेला नव्हता. दहाच माणसं होती आणि निवडलेली होती, त्यामुळे "सगळेच निम्मं लिहितात" असा अर्थ यातून काढू नका. ही पद्धत महाग आहे. ती वापरली नाही म्हणून कुणाला दोष देता येत नाही, पण मग आकड्याबद्दलचा दावा तितकाच आवरता हवा.

तीन दिवस कोणते, हेही विचाराच. मंगळवार ते गुरुवार नोंद घेतली तर रविवारची मिसळ, तिचा ज्यादा पाव आणि तर्री कुठल्याच वहीत येत नाही. द्राक्षांच्या हंगामात क्रेटमधून येता-जाता तोंडात टाकलेले मणी कुणी मोजत नाही. एकादशीला साबुदाणा झाला तर तो दिवस भलताच वेगळा. आणि लिहायचं आहे म्हटल्यावर माणूस कमी खातो, किंवा लिहायला सोपं असेल तेच खातो. म्हणजे वही ज्या सवयी मोजायला आली, त्याच तीन दिवस बदलतात. एक रविवार धरून, मध्ये अंतर ठेवून, अचानक फोन करून मागच्या चोवीस तासांचं विचारलं तर हा दोष कमी होतो. उंडा आणि तेलाचा मात्र त्यानेही जात नाही. त्यासाठी घरात जाऊन पीठ तोलावं लागतं.

"सरकारी सर्वेक्षणातही असंच आलंय" असं कुणी म्हणालं, तर कोणतं सर्वेक्षण ते विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दूध, डाळी, फळं, अंडी किती वेळा खाता एवढंच विचारतं: रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही. त्यातून कॅलरी निघत नाहीत. घरखर्चाच्या सर्वेक्षणातून घरात काय आलं ते कळतं, कुणाच्या पोटात किती गेलं ते नाही.

वह्या फेकायच्या नाहीत. दिवसातून किती वेळा खाल्लं, डाळ आणि पालेभाजी रोज असते का, रात्रीचं जेवण किती वाजता होतं, हे त्यांतून चांगलं समजतं, कारण तिथे ग्रॅम लागत नाहीत. फक्त 1200 हा आकडा पडद्यावर आला की हात वर करा आणि विचारा: वाटी किती मिलीची धरली, आणि एका पोळीला किती पीठ?